फँटम की वँडल? १५ मीटर, ३० मीटर आणि शेवटी उरणारे १० हेल्थ

सह्यकडा

व्हॅलोरंट खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हा वाद असतोच. हातात पुरेसे पैसे आले की २९०० क्रेडिटची फँटम घ्यायची की २९०० चीच वँडल? बहुतेक चर्चा 'माझ्या हाताला ही बसते' इथे येऊन थांबते. हाताला काय बसतं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण डॅमेज, अंतरानुसार होणारी त्याची घट आणि फायर रेट हे तिन्ही एकत्र आल्यावर समोरचा माणूस पडायला नेमका किती वेळ लागतो, हे एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. म्हणून हा धागा.

या दोन्ही बंदुकांचे जे आकडे वर्षानुवर्षं चालत आलेत तेच धरले आहेत. एखाद्या पॅचने ते हलले तर नवे आकडे घालून हिशोब पुन्हा करता येईल, पद्धत बदलत नाही.

वँडल सेकंदाला ९.७५ गोळ्या सोडते. अंगावर ४०, डोक्यात १६०, अंतर कितीही असो. फँटम सेकंदाला ११ गोळ्या सोडते, पण तिचं डॅमेज पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. १५ मीटरपर्यंत अंगावर ३९ आणि डोक्यात १५६, पुढे ३० मीटरपर्यंत ३५ आणि १४०, त्यापलीकडे ३१ आणि १२४. समोरच्याकडे १०० हेल्थ आणि हेवी शील्डचे ५०, म्हणजे आपल्याला एकूण १५० उतरवायचे आहेत.

आता वेळ. पहिली गोळी लागते तिथून घड्याळ सुरू करायचं, म्हणजे चार गोळ्यांमध्ये तीनच फटी मोजायच्या. वँडलच्या दोन गोळ्यांमध्ये साधारण १०३ मिलिसेकंद जातात, फँटमच्या ९१.

सगळ्या गोळ्या अंगावर लागल्या असं धरू. वँडलला ४ गोळ्या पुरतात (१६०), वेळ ३०८ मिलिसेकंद. जवळून फँटमलाही ४ च लागतात (१५६), पण वेळ २७३. म्हणजे जवळून फँटम ३५ मिलिसेकंदांनी पुढे. १५ मीटर ओलांडले की ३५ च्या चार गोळ्या १४० वर अडकतात आणि पाचवी लागते. वेळ एकदम ३६४. आता वँडल ५६ मिलिसेकंदांनी पुढे.

गंमत पुढे आहे. ३० मीटर ओलांडल्यावर डॅमेज ३१ वर येतं, पण ३१ च्या पाच गोळ्या १५५ होतात. म्हणजे गोळ्या पाचच, वेळ तोच ३६४. पहिल्या पायरीवर डॅमेज साधारण दहा टक्क्यांनी घटलं आणि मारायचा वेळ एक तृतीयांशाने वाढला. दुसऱ्या पायरीवर डॅमेज जवळजवळ तेवढंच आणखी घटलं आणि वेळ तसूभरही बदलला नाही.

माझं म्हणणं एवढंच की डॅमेज किती घटलं हा प्रश्न दुय्यम आहे. त्या घटीमुळे एक गोळी जास्तीची लागली का, हे बघायचं.

---

रानवाट

इतकं किचकट कशाला करायचं? डॅमेजला फायर रेटने गुणलं की सेकंदाचं डॅमेज मिळतं. वँडल ३९०, फँटम जवळून ४२९, मधल्या अंतरावर ३८५. म्हणजे जवळ फँटम भारी, मध्ये दोघी सारख्याच, लांब वँडल. फायर रेट जास्त असलेली बंदूक चुकलेली गोळीही लवकर भरून काढते. मी तर म्हणेन शेवटी फायर रेटच सगळं ठरवतो.

---

प्राजक्तसडा

रानवाट, गुणाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला 'मध्ये दोघी सारख्याच' हा निष्कर्ष मात्र चुकतो. ३९० आणि ३८५ मध्ये सव्वा टक्क्याचा फरक दिसतो. प्रत्यक्षात वेळ ३०८ आणि ३६४ आहे, हा फरक अठरा टक्क्यांचा. तो येतो कुठून? समोरचा माणूस पूर्ण गोळ्यांनी पडतो. १५० ला ३५ ने भागलं तर ४.२९ येतात, पण ०.२९ गोळी झाडता येत नाही, पूर्ण पाचवी झाडावी लागते. त्या पाचव्या गोळीतले फक्त १० कामाचे आणि २५ वाया. सेकंदाचं डॅमेज काढताना हे वाया गेलेले २५ सुद्धा जमेला धरले जातात.

आणि फायर रेटच सगळं ठरवत असेल तर स्पेक्टर बघा. सेकंदाला १३.३३ गोळ्या, म्हणजे दोन्ही रायफलींपेक्षा पुष्कळ वेगवान. पण जवळूनही अंगावर २६ च, म्हणून हेवी शील्डवाल्याला सहा गोळ्या. पाच फटी, ३७५ मिलिसेकंद. अगदी नाकासमोर असूनही ती मधल्या अंतरावरच्या फँटमपेक्षा हळू मारते. फायर रेट फक्त एका फटीची लांबी ठरवतो. फटी किती, ते डॅमेज आणि समोरच्याचं शील्ड मिळून ठरवतात.

चुकलेली गोळी लवकर भरून निघते हा मुद्दा मात्र मला मान्य आहे, त्यावर कोणीतरी नीट लिहावं.

---

पावसाळी_पायवाट

धागा छान आहे. मी बीजीएमआय खेळतो. तिथे एकेएम घ्यावी की एम४१६? आमच्यात सगळे एम४१६ च म्हणतात, पण एकेएमची गोळी जड आहे ना?

---

सह्यकडा

पावसाळी, इथले आकडे तिथे लागू होणार नाहीत, पण रीत तीच. एकेएमच्या दोन गोळ्यांमध्ये ०.१ सेकंद जातो, एम४१६ मध्ये ०.०८६. म्हणजे एकेएमने एक गोळी वाचवली तरच तिचा जडपणा कामाचा. दोघींना सारख्याच गोळ्या लागत असतील तर एम४१६ पुढे.

तिथे अडचण अशी की व्हेस्ट ठरावीक हेल्थ वाढवत नाही, प्रत्येक गोळीचं डॅमेज टक्क्यांनी कापते. त्यामुळे लेव्हल १, २ आणि ३ च्या व्हेस्टला गोळ्यांचा हिशोब वेगवेगळा येतो. एखाद्या व्हेस्टवर एकेएम गोळी वाचवेल, दुसऱ्यावर नाही. समोरच्याने कुठली व्हेस्ट घातलीय हे लांबून कळत नाही, म्हणून तिथे लोक सोप्या रिकॉइलकडे झुकतात, आणि ते मला पटतं.

---

जुना_काउंटर

तुम्ही मुलं ज्याला नवा वाद म्हणताय तो काउंटर-स्ट्राइकमध्ये किती वर्षांपासून आहे! एके-४७ आणि एम४ए४. एके मिनिटाला ६०० गोळ्या सोडते, एम४ए४ ६६६. छातीवर चिलखत असलेल्या माणसाला एकेची गोळी २७ करते, चारांत काम होतं, ३०० मिलिसेकंद. एम४ए४ २३ करते, चारांत ९२ च होतात, म्हणून पाच, ३६० मिलिसेकंद. वेगवान बंदूक हरते, कारण तिला एक फट जास्त भरावी लागते. वरचे ३०८ आणि ३६४ वाचून मला हेच आठवलं.

हेल्मेटवर डोक्यात एके १११, एम४ए४ ९२. म्हणजे एकेने एका गोळीत माणूस खाली, दुसरीने नाही. या एका गोष्टीवर टेररिस्ट बाजूचं अर्धं गणित उभं आहे.

एक फरक सांगतो. तिथे डॅमेज पायऱ्यांनी उतरत नाही, सलग झिजतं. एकेचं दर ५०० युनिटला ०.९८ ने गुणलं जातं. १११ ला १०० च्या खाली यायला २७०० युनिटांच्या आसपास जावं लागतं, आणि एवढ्या लांबच्या लढती क्वचितच होतात. म्हणजे घट आहे, पण ती उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही. व्हॅलोरंटने ती पोचेल अशा जागी मुद्दाम पायरी ठेवली आहे.

---

इरा_खेळते

मी नवीन आहे, नुकतीच रँक्ड खेळायला लागले. हे सगळं वाचून एक विचारायचं आहे. काल एसेंटवर मिडमध्ये समोरच्याला वँडलच्या चार गोळ्या लागल्या आणि तो मेला नाही, त्याने मला मारलं. रिपोर्टमध्ये १४८ दाखवत होतं. तुम्ही तर म्हणताय वँडलला चार पुरतात. मग हे काय?

---

प्राजक्तसडा

इरा, रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी कुठे किती लागल्या तेही दिसतं. मी न बघता सांगते, दोन अंगावर आणि दोन पायांत. वँडल पायात ३४ करते. ४०, ४०, ३४, ३४ मिळून १४८. समोरचा २ हेल्थवर उरला.

सह्यकड्याच्या हिशोबात सगळ्या गोळ्या अंगावर धरल्यात, आणि खऱ्या लढतीत तसं नेहमी होत नाही. वँडलच्या चार गोळ्यांत १५० च्या वर फक्त १० शिल्लक राहतात. पायात गेलेली प्रत्येक गोळी त्यातले ६ खाते. एक गोळी पायात गेली तर १५४, चालून जातं. दोन गेल्या की पाचवी लागते आणि वेळ ३०८ वरून ४१० होतो.

आता याच नजरेने फँटम बघा, कारण इथे चित्र उलटतं. मधल्या अंतरावर तिला मुळातच पाच लागतात, पण पाचांत १७५ होतात, म्हणजे २५ शिल्लक. पायात ती सुमारे ३० करते, म्हणून दोन-तीन गोळ्या खाली गेल्या तरी पाचांतच माणूस पडतो, ३६४ मध्ये. ज्याची क्रॉसहेअर खाली राहते त्याच्यासाठी १५ ते ३० मीटरमध्ये वँडल ४१० आणि फँटम ३६४ होऊ शकते. कागदावर ५६ ने पुढे असलेली बंदूक ४६ ने मागे पडते.

जवळून मात्र फँटम काठावर आहे. ३९ च्या तीन आणि पायात एक मिळून जेमतेम १५० होतात. दुसरी पायात गेली की तिलाही पाचवी लागणार.

---

इरा_खेळते

हो! दोन अंगावर, दोन पायांत. आत्ताच मागच्या मॅचेसमध्ये जाऊन बघितलं. म्हणजे मी वँडल सोडावी का?

---

प्राजक्तसडा

सोडायचीच असं नाही. क्रॉसहेअर छातीच्या वर ठेवायची सवय लागली की हा प्रश्न दोन्ही बंदुकांसाठी मिटतो. पण सध्या गोळ्या खाली जात असतील तर वँडलचा मधल्या अंतरावरचा फायदा तुझ्या हाती येत नाहीये, एवढं त्या १४८ वरून दिसतं.

---

खोपोली_लोकल

वर प्राजक्तसडा म्हणाल्या त्या चुकलेल्या गोळ्यांबद्दल. मी हा हिशोब करून ठेवला होता.

समजा स्प्रे करताना निम्म्याच गोळ्या लागतात. मग वँडलला चार लागायला सरासरी आठ झाडाव्या लागतील, सात फटी, ७१८ मिलिसेकंद. मधल्या अंतरावर फँटमला पाच लागायला दहा, नऊ फटी, ८१८. म्हणजे सगळ्या गोळ्या लागत असताना असलेला ५६ चा फरक वाढून १०० होतो. जवळून दोघींना आठच, फँटमला ६३६, इथे तिचा फायदा ३५ वरून ८२ वर जातो. थोडक्यात गोळ्या चुकायला लागल्या की जी बंदूक त्या अंतरावर पुढे आहे ती आणखी पुढे जाते. रानवाट म्हणतात तसा वेग चुका भरून काढतो हे खरं, पण दोघींना सारख्या गोळ्या लागत असतील तरच.

आता उलट बाजूने विचारा. मध्यम अंतरावर वँडलला गाठायला फँटमची किती नेमबाजी हवी? वँडल पन्नास टक्के लागत असेल तर फँटम छप्पन टक्के लागायला हवी. फँटमचा पहिल्या गोळीचा फैलाव कमी आहे आणि तिचा स्प्रे सांभाळायला सोपा आहे असं बहुतेकांना वाटतं. ते सहा टक्के त्यातून मिळतात का, हा खरा प्रश्न.

---

सह्यकडा

खोपोली, सरासरीचा हिशोब पटला, पण माझी एक शंका आहे. स्प्रे लांबला की गोळ्या सारख्याच प्रमाणात चुकत नाहीत. पहिल्या चार-पाच बऱ्यापैकी सरळ जातात, पुढे बंदूक वर चढते आणि डावी-उजवीकडे झुकते. म्हणजे पाचवी गोळी चौथीपेक्षा अवघड. फँटमला मध्ये नेमकी तीच लागते. त्यामुळे सहा टक्के पुरतील असं मला वाटत नाही, जास्त लागावेत.

---

खोपोली_लोकल

मान्य. पण वँडल जास्त जोरात चढते, हेही त्यात धरा. मला अजून दोन्ही बाजूंनी पटणारं उत्तर सापडलेलं नाही.

---

नागपूरचा_संत्रा

तुम्ही सगळे ३५ आणि ५६ मिलिसेकंदांवर भांडताय, इथे आमचा पिंगच त्याहून जास्त असतो. सर्व्हर मुंबईत, मी नागपुरात, संध्याकाळी लाइन हलायला लागली की सगळं हवेत. जास्त पिंगवाल्याने फँटम घेऊच नये, कारण तिचा जवळचा ३५ चा फायदा पिंग खाऊन टाकतो. वँडलने एक डोक्यात मारायची आणि मोकळं व्हायचं.

---

प्राजक्तसडा

पिंगचा त्रास खरा आहे, पण तो या ३५ ला खात नाही. तुम्ही फँटम धरा की वँडल, तुमच्या गोळ्या सर्व्हरवर सारख्याच उशिरा पोचतात. दोन गोळ्यांमधली फट तीच राहते. पिंगमुळे तुम्हाला समोरचा उशिरा दिसतो आणि तुमची पहिली गोळी उशिरा लागते, म्हणजे घड्याळ सुरू व्हायलाच उशीर होतो. तो उशीर दोन्ही बंदुकांना सारखाच. उलट तुम्ही ४० मिलिसेकंद मागून सुरुवात करत असाल तर जवळच्या लढतीत हे ३५ तुम्हाला जास्तच हवेत.

सर्व्हर १२८ टिकचा आहे, म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदांनी हिशोब होतो. ३५ मिलिसेकंद म्हणजे चार-साडेचार टिक. सर्व्हरच्या दृष्टीने हा फरक पुरेसा मोठा आहे.

---

नागपूरचा_संत्रा

दोघींना सारखाच उशीर, हे पटलं. पण एका गोळीत माणूस पडला तर लाइन मध्येच हलण्याचा धोका एकदाच घ्यावा लागतो, चार गोळ्यांत तो चारदा. मी वँडलच धरणार.

---

सह्यकडा

संत्रा, हा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता आणि तो चांगला आहे. पण जवळून फँटमही एका गोळीत पाडते, १५६ मध्ये. डोक्याच्या बाबतीत खरा फरक १५ मीटरनंतरच सुरू होतो. तिथे १४० लागतात आणि समोरचा १० हेल्थवर उभा राहतो. पुढची गोळी कुठेही लागली तरी तो पडतो, म्हणजे फक्त ९१ मिलिसेकंद जास्त. पण त्या ९१ मध्ये त्याला गोळी झाडता येते, आणि डोक्याचा नेम धरणाऱ्याची दुसरी गोळी लागेलच असं नाही. या एका कारणामुळे डोक्यावर खेळणारे लोक वँडल सोडत नाहीत, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

---

प्राजक्तसडा

आतापर्यंत सगळ्यांनी समोरच्याला हेवी शील्ड धरलंय. मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग इथेच आहे. दर फेरीत समोरचे पाचही जण हजार क्रेडिटचं हेवी घेत नाहीत. पैसे कमी असले की चारशेचं लाइट घेतात, एकूण १२५. रीजन शील्डवालाही पहिल्या गाठीत २५ चंच शील्ड घेऊन येतो.

१२५ वर वँडलला अंगावर ४ च लागतात, ३०८ मिलिसेकंद. शील्ड कमी झालं तरी तिचा काही फायदा नाही, कारण तीन गोळ्यांत १२० होतात आणि ५ उरतात. फँटमला मात्र ३५ च्या चार गोळ्यांत १४० मिळतात, म्हणून मधल्या अंतरावरही ४ पुरतात, २७३. आणि डोक्यात १४० म्हणजे एका गोळीत माणूस खाली. म्हणजे समोर लाइट शील्ड असेल तर ३० मीटरपर्यंत फँटम डोक्यात वँडलच्या बरोबरीची आणि अंगावर तिच्यापेक्षा वेगवान. वँडलचा मधल्या अंतरावरचा सगळा फायदा गायब.

आणि ३० मीटर ओलांडले की काय होतं बघा. डोक्यात १२४. अंगावर ३१ च्या चार, त्याही १२४. दोन्हीकडे समोरचा १ हेल्थवर उरतो. हेवी शील्डवर दुसऱ्या पायरीने अंगावरच्या हिशोबात काही बिघडलं नव्हतं, लाइटवर तीच पायरी सगळं बिघडवते, डोक्याचं आणि अंगाचं दोन्ही. पायरी तीच, बंदूक तीच, फक्त समोरच्याने सहाशे क्रेडिट वाचवले.

शील्डच नसेल तर १०० वर दोघींना तीनच लागतात आणि ३० मीटरपर्यंत फँटम १८२, वँडल २०५.

म्हणून मी खरेदी करताना समोरची टीम मागच्या फेरीत हरलीय का, त्यांच्याकडे पैसे किती असतील, हे बघते. ते अर्ध्या खरेदीत असतील आणि मॅप फार लांबचा नसेल तर फँटम. दोन्हीकडे पूर्ण खरेदी आणि मला लांबचा कोपरा धरायचा असेल तर वँडल.

---

रानवाट

हे मी कधीच बघितलं नव्हतं. पण हेवी आणि लाइट फेरीच्या सुरुवातीलाच वेगळे असतात. फेरी सुरू झाल्यावर एखाद्याला आधीच थोडं लागलेलं असतं, कोणाचा मॉलोटॉव्ह, कोणाचा ग्रेनेड. मग १५० चा आकडा कुणाच्याच डोक्यावर राहत नाही. तुमच्या पायऱ्या मग कुठेही सरकतात.

---

प्राजक्तसडा

बरोबर, आणि बऱ्याचदा त्या फँटमच्या बाजूने सरकतात. हेवीवाल्याला आधीच १० लागलेले असतील तर १४० उरतात आणि मधल्या अंतरावर फँटमला चारच पुरतात. डोक्यातही एक. टीममध्ये थोडं थोडं डॅमेज करणारे एजंट असतील तर १५ मीटरची ती पायरी बऱ्याच लढतींत उरतच नाही. वँडललाही फायदा होतो, पण तिला चारांवरून तीनवर यायला समोरच्याचे किमान ३० आधीच गेलेले लागतात.

---

जुना_काउंटर

माझा एक प्रश्न उरतो. १५ मीटर म्हणजे मॅपवर किती, हे खेळताना कोणाला कळतं? ब्रीझवर किंवा हेवनच्या सी लाँगवर आपण लांब आहोत हे आंधळ्यालाही कळेल. पण एखाद्या साइटच्या दारातून मागच्या बॉक्सपर्यंत चौदा की सोळा? तिथेच तर सगळं बदलतं.

---

खोपोली_लोकल

नजरेने नाही कळत, पण रिपोर्ट सांगतो. फँटमने मारलेल्या एकेका गोळीचा आकडा बघायचा. अंगावर ३९ आले तर १५ च्या आत, ३५ आले तर मध्ये, ३१ आले तर ३० च्या पलीकडे. एकाच गोळीत १४० दिसले तर मधल्या पट्ट्यात डोक्यात लागलंय. फक्त भिंतीतून लागलेली गोळी मोजायची नाही, तिथे डॅमेज वेगळ्या कारणाने कमी होतं.

अजून सोपं म्हणजे कस्टम गेममध्ये मित्राला हेवी शील्ड देऊन आपल्या नेहमीच्या कोपऱ्यासमोर उभं करायचं आणि एकेक गोळी मारत मागे सरकायला सांगायचं. आकडा ३९ वरून ३५ होतो ती फरशी लक्षात ठेवायची. प्रत्येक मॅपवर आपण उभे राहतो अशा जागा मूठभरच असतात.

---

इरा_खेळते

आम्ही आज रात्री एसेंटच्या बी मेनला करणार आहोत. मी फँटम घेऊन साइटवर उभी राहणार, मैत्रीण मेनमधून मागे जाणार. कुणाला हेवनचं माहीत असेल तर ए शॉर्टचं सांगा.

---

सह्यकडा

हेवनचं मी मोजलेलं नाही. ज्यांनी मोजलंय त्यांनी कोपरा आणि आलेला आकडा दोन्ही इथे लिहा, आणि समोर कुठलं शील्ड होतं तेही. खोपोलीचा छप्पन टक्क्यांचा प्रश्न उघडाच आहे. त्यासाठी दोन्ही बंदुकांचे मधल्या अंतरावरचे स्प्रे कोणीतरी रेकॉर्ड करून पाचवी गोळी किती वेळा लागते ते बघायला हवं.